थॅलेसेमियाच्या मुलाचं बीएमटी: जुळणीच्या तपासणीपासून पहिल्या वर्षापर्यंत

बीएमटी युनिटमध्ये समन्वयक म्हणून माझा बराचसा वेळ आईवडिलांशी बोलण्यात जातो. डॉक्टरांनी तासभर सगळं समजावलेलं असतं, दोघांनी मान डोलावलेली असते, आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर पहिला प्रश्न येतो, "सिस्टर, म्हणजे मणक्याचं ऑपरेशन ना?" चूक त्यांची नसते. बीएमटी म्हणजे 'बोन मॅरो ट्रान्सप्लांट', आणि हे नाव ऐकलं की कुणाच्याही डोळ्यांपुढे ऑपरेशन थिएटरच येतं. प्रत्यक्षात ज्या मुलाला पेशी मिळतात त्याच्यावर ऑपरेशन होत नाही. रक्ताची पिशवी चढवतात तशी एक पिशवी त्याला चढते, एवढंच. खरा कस लागतो तो त्या पिशवीच्या आधीच्या दहा दिवसांत आणि नंतरच्या शंभर दिवसांत.

स्टेम सेल प्रत्यारोपण रक्ताच्या अनेक आजारांत करतात: ल्युकेमिया, अप्लास्टिक ॲनिमिया, सिकलसेल. इथे मी एकच आजार घेते, थॅलेसेमिया मेजर, आणि एकच मूल. सहा वर्षांचा मुलगा, वजन १८ किलो, रक्तगट बी पॉझिटिव्ह. त्याची बहीण नऊ वर्षांची, २६ किलो, रक्तगट ओ पॉझिटिव्ह. ओळख लपावी म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. त्याला छोटा म्हणू आणि तिला ताई.

नेमकं बदलायचं काय असतं

रक्तातल्या सगळ्या पेशी हाडांच्या आतल्या मऊ मज्जेत तयार होतात आणि त्यांचं मूळ म्हणजे स्टेम सेल, मूलपेशी. थॅलेसेमिया मेजरमध्ये या मूलपेशींकडे हिमोग्लोबिन बनवायची जी सूचना असते तीच सदोष असते. म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी बाहेरून रक्त द्यावं लागतं. त्या प्रत्येक पिशवीतून शरीरात लोह जातं. ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही, त्यामुळे ते यकृतात, हृदयात, ग्रंथींमध्ये साठत जातं. प्रत्यारोपणात सदोष मूलपेशी औषधांनी काढून टाकायच्या आणि तिथे निरोगी माणसाच्या मूलपेशी रुजवायच्या. थॅलेसेमियाच्या मुलाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९८१ मध्ये अमेरिकेत सिॲटलला झालं. त्यानंतर इटलीतल्या पेसारोमध्ये ग्वीदो लुकारेल्ली यांच्या चमूने शेकडो मुलांवर ते करून त्याची घडी बसवली. भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण मुंबईत, टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये १९८३ साली झालं. थॅलेसेमियासाठी वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयाने वाट घालून दिली.

पेसारोच्या चमूने एक साधी गोष्ट दाखवून दिली आणि ती आजही लागू आहे. मुलाचं यकृत बरगडीखाली दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढलेलं आहे का, यकृतात लोहामुळे जून व्रणासारखे धागे तयार झालेत का, आणि लोह काढायचं औषध नियमित झालं आहे का, या तीन गोष्टींवर प्रत्यारोपणाचा धोका ठरतो. तिन्ही ठीक असतील तर मूल पहिल्या वर्गात, तिन्ही बिघडलेल्या असतील तर तिसऱ्या. जुळणारं भावंड असलेल्या कमी धोक्याच्या मुलांमध्ये चांगल्या केंद्रांत १०० पैकी साधारण ८५ ते ९० मुलं थॅलेसेमियातून मोकळी होतात. थोडी मुलं दगावतात, काहींच्या पेशी रुजत नाहीत. हे आकडे आईवडिलांना आधीच कळायला हवेत, म्हणून मी ते कधी गुळमुळीत सांगत नाही.

म्हणूनच लोह काढायच्या गोळ्या कंटाळा करून सोडल्या की प्रत्यारोपणाचाच धोका वाढतो. 'आता बीएमटी होणारच आहे, मग गोळ्या कशाला' असं म्हणणारे पालक मला दर महिन्याला भेटतात. गणित नेमकं उलटं आहे. प्रत्यारोपण ठरलं की गोळ्या दुप्पट काटेकोरपणे द्यायच्या.

दुसरी काळजी रक्ताची. प्रत्यारोपण करायचा विचार असेल तर आई, वडील, भावंडं, काका, मावशी यांच्यापैकी कुणाचंही रक्त मुलाला चढवू देऊ नका. घरच्यांचं रक्त वारंवार गेलं की मुलाची प्रतिकारशक्ती त्या घरातल्या खुणा ओळखायला शिकते आणि पुढे त्याच घरातली मज्जा नाकारू शकते. मायेपोटी पुढे आलेल्या मामाला नको म्हणणं जड जातं, पण म्हणावं लागतं.

जुळणी म्हणजे काय आणि रिपोर्ट कसा वाचायचा

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर ओळखपत्रासारखी प्रथिनं असतात. त्यांना एचएलए म्हणतात. रक्तगटाशी यांचा संबंध नाही. एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एका गठ्ठ्यात बसलेली असतात आणि गठ्ठ्यानेच पुढच्या पिढीत जातात. प्रत्येक माणसाकडे असे दोन गठ्ठे असतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून.

समजा वडिलांचे गठ्ठे क आणि ख, आईचे ग आणि घ. मुलांना मिळू शकणाऱ्या जोड्या चारच: कग, कघ, खग, खघ. छोट्याला कघ मिळाली. ताईलाही कघच मिळण्याची शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के. दोन भावंडं असली तर शक्यता ५० टक्के होते असं बहुतेकांना वाटतं. ती ४४ टक्के होते, कारण दोघांचीही जुळणी हुकू शकते. आईवडील मात्र जवळजवळ नेहमीच अर्धे जुळतात, कारण त्यांच्याकडचा एकेकच गठ्ठा मुलात आलेला असतो.

रिपोर्टमध्ये ए, बी, सी, डीआरबी१ आणि डीक्यूबी१ अशा पाच जागा असतात आणि प्रत्येक जागेला दोन नोंदी, म्हणून एकूण १०. ताई आणि छोट्याच्या दहाच्या दहा नोंदी सारख्या आल्या. रिपोर्टवर '१०/१०' दिसतं ते हेच. एवढ्यावर थांबायचं नाही. प्रत्यारोपणाआधी दोघांचा नवा नमुना घेऊन तपासणी पुन्हा करतात, कारण नमुन्यांची अदलाबदल ही जगात कुठेही होऊ शकणारी चूक आहे. आईवडिलांचेही नमुने सोबत घेतले तर गठ्ठे कसे वाटले गेले ते स्पष्ट दिसतं.

ताईच्या बाबतीत घरच्यांना दोन शंका होत्या आणि त्या जवळजवळ प्रत्येक घरात असतात. पहिली, तिचा रक्तगट वेगळा आहे. चालतो. दात्याच्या प्लाझ्मात छोट्याच्या लाल पेशींविरुद्धचे घटक असू शकतात म्हणून पिशवीतला प्लाझ्मा कमी करून घेतात. पुढे काही महिन्यांत छोट्याचा रक्तगटच ओ होतो. दुसरी शंका, ती थॅलेसेमिया मायनर आहे. तेही चालतं. मायनर असलेली व्यक्ती निरोगी असते. तिच्या पेशी रुजल्यावर छोटा मायनर होईल, त्याला रक्त लागणार नाही.

भावंड जुळलं नाही तर दोन वाटा उरतात. एक, नोंदणीतला परका दाता. भारतात चेन्नईची दात्री आणि बेंगळुरूची डीकेएमएस फाउंडेशन इंडिया अशा नोंदण्या चालवतात. गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना घेतात, पण नोंदलेल्या भारतीयांची संख्या लोकसंख्येच्या मानाने फार थोडी आहे. दुसरी वाट अर्ध्या जुळणीची, आई किंवा वडील दाता. त्यात पेशी नाकारल्या जाण्याचा धोका जास्त असतो, खर्चही वाढतो. हा निर्णय अशी प्रत्यारोपणं नेहमी करणाऱ्या केंद्रातच घ्यावा. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. मुलाची स्वतःची नाळ बँकेत जपून ठेवली आहे म्हणून निश्चिंत राहिलेली कुटुंबं माझ्याकडे आली आहेत. थॅलेसेमियाच्या मुलाला त्याच्याच नाळेतल्या पेशींचा उपयोग नाही, कारण दोष त्या पेशींतही तोच असतो.

खर्चाबद्दल थोडक्यात. भावंडाच्या प्रत्यारोपणाचा खर्च बहुतेक ठिकाणी १० ते १५ लाखांच्या घरात जातो, गुंतागुंत झाली तर त्याहून वर. कोल इंडियाच्या मदतीने केंद्र सरकारची थॅलेसेमिया बाल सेवा योजना आहे, तिच्यात पात्र मुलाला १० लाखांपर्यंत मदत ठरावीक रुग्णालयांत मिळते. मुंबईत बोरिवलीला महापालिकेचं थॅलेसेमिया आणि बीएमटी केंद्र आहे. अर्ज करताना एचएलएचा रिपोर्ट आणि उत्पन्नाचा दाखला दोन्ही लागतात, म्हणून तहसीलचं काम आधी उरकून ठेवा.

जागा मोकळी करणं: कंडिशनिंग

मोजणी ज्या दिवशी पेशी चढतात त्या दिवसापासून होते. तो दिवस शून्य. आधीचे दिवस उणे, नंतरचे अधिक. आईवडील दोन दिवसांत या भाषेत बोलायला लागतात: "आज उणे चार आहे, सिस्टर."

छोटा उणे दहाला दाखल झाला. दातांची तपासणी, हृदयाची सोनोग्राफी, यकृत आणि हृदयातलं लोह पाहायला एमआरआय हे सगळं आधीच झालं होतं. छातीतल्या मोठ्या शिरेत एक नळी बसवली. पुढचे दोन महिने सगळी औषधं, रक्त आणि तपासणीचे नमुने तिच्यातूनच ये-जा करतात, त्यामुळे दर वेळी सुई टोचावी लागत नाही.

कंडिशनिंगमध्ये दोन कामं करायची असतात. मज्जेतल्या जुन्या मूलपेशी संपवायच्या आणि छोट्याची स्वतःची प्रतिकारशक्ती इतकी दाबायची की ती ताईच्या पेशींना हुसकून लावणार नाही. थॅलेसेमियात हे दुसरं काम विशेष कठीण, कारण या मुलांची मज्जा कमकुवत नसते. ती वर्षानुवर्षं दुप्पट-तिप्पट राबलेली असते आणि शेकडो लोकांचं रक्त घेतल्यामुळे प्रतिकारशक्तीही सावध झालेली असते. छोट्यासाठी थायोटेपा, ट्रिओसल्फान आणि फ्लुडाराबिन ही तीन औषधं ठरली, सोबत प्रतिकारशक्ती दाबणारं एटीजी. काही केंद्रं बुसल्फान आणि सायक्लोफॉस्फमाइड वापरतात. बुसल्फानमध्ये रक्तातली पातळी मोजून डोस ठरवावा लागतो आणि झटके येऊ नयेत म्हणून वेगळं औषध सुरू करतात.

थायोटेपाचा दिवस मी आईला आदल्या रात्रीच नीट समजावते. हे औषध घामातून बाहेर येतं आणि कातडीवर साचलं तर भाजल्यासारखे चट्टे पडतात. म्हणून त्या दिवशी आणि पुढचे एक-दोन दिवस दर सहा तासांनी कोमट पाण्याने अंघोळ, रात्री दोन वाजताचीही. साबण सौम्य, तेल नाही, क्रीम नाही, पावडर नाही. काखा, जांघा, मानेच्या घड्या आणि नळीवरच्या पट्टीच्या कडेचा भाग जास्त जपायचा. प्रत्येक अंघोळीनंतर कपडे आणि चादर बदलायची. अंग टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. छोट्याच्या आईने रात्री दोनला त्याला झोपेतच उचललं, तो चिडून रडला, तिसऱ्या अंघोळीला तर त्याने बादलीच उलथवली. तिने दुसरी बादली भरली. त्याच्या कातडीवर एकही चट्टा आला नाही. तीच अंघोळ टाळल्यावर काखेत काळेनिळे पडून साल निघालेली मुलंही मी पाहिली आहेत.

एटीजीच्या वेळी थंडी वाजून ताप येतो. तो बहुतेकदा औषधाचाच असतो, पण आम्ही तो जंतुसंसर्गाचा ताप समजूनच तपासतो. यकृतावर मात्र पुढचे तीन आठवडे नजर ठेवावी लागते. वजन अचानक वाढू लागलं, पोट फुगलं, उजव्या बरगडीखाली दुखू लागलं आणि डोळे पिवळे दिसले तर यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबल्याची शंका येते. म्हणून दिवसातून दोनदा वजन आणि पोटाचा घेर मोजतो. टेप रोज त्याच जागी पडावी यासाठी पोटावर पेनाने दोन खुणा करून ठेवतो.

या औषधांमुळे पुढे मूल होण्याची क्षमता कमी होऊ शकते किंवा जाऊ शकते. सहा वर्षांच्या मुलाच्या वडिलांशी हे बोलणं अवघड असतं, तरी दाखल होण्याआधीच बोलायला हवं. जपून ठेवायचे काही उपाय असले तर त्यांची वेळ तेव्हाच असते.

दिवस शून्य

ऑपरेशन थिएटरमध्ये जाते ती ताई. तिला पूर्ण भूल देऊन पालथं झोपवतात आणि कमरेच्या मागच्या हाडातून सुईने मज्जा ओढून घेतात. दात्याच्या रक्तातूनही पेशी गोळा करता येतात, पण थॅलेसेमियात मज्जाच बरी, कारण रक्तातून घेतलेल्या पेशींनी दीर्घकाळ टिकणारं जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींनी मुलाच्याच शरीरावर केलेला हल्ला, जास्त होतं.

किती घ्यायची याचा हिशेब असा. छोट्याला वजनाच्या किलोमागे किमान ३० कोटी केंद्रकयुक्त पेशी हव्या होत्या. १८ किलोसाठी किलोमागे १५ मिली धरून २७० मिली मज्जा घ्यायची ठरली. ताईच्या वजनाने ते किलोमागे १० मिलीच्या आसपास बसतं, म्हणजे तिच्यासाठी सुरक्षित मर्यादेत. मोजणीत किलोमागे ३७ कोटींवर पेशी निघाल्या. ताईला दोन दिवस कंबर दुखली, पॅरासिटामॉल आणि लोहाच्या गोळ्या दिल्या, तिसऱ्या दिवशी ती युनिटच्या काचेबाहेर उभी राहून भावाला हात करत होती. तिच्या मज्जेची भरपाई काही आठवड्यांत होते.

पिशवी छोट्याला नळीतून साधारण तीन तासांत गेली. पेशी स्वतःच रक्तातून हाडांच्या पोकळीत वाट काढतात. रक्त चढवताना वापरतात ती पांढऱ्या पेशी अडवणारी गाळणी या पिशवीला कधीही लावायची नाही आणि पिशवीला किरणंही द्यायची नाहीत, नाहीतर हव्या त्याच पेशी मारल्या जातील. याउलट इतर वेळी त्याला चढणाऱ्या प्रत्येक रक्ताच्या आणि प्लेटलेटच्या पिशवीला किरणं दिलेली असलीच पाहिजेत. घरी गेल्यावर गावात रक्त लागलं तर रक्तपेढीत 'इरॅडिएटेड' हा शब्द सांगायचा आणि पिशवीवरचं लेबल स्वतः पाहायचं.

वाट पाहण्याचे दिवस: पेशी रुजणं

अधिक एक ते अधिक पंधरा या दिवसांत पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्य असतात. अधिक पाचच्या सुमारास तोंड सोलवटतं आणि थुंकी गिळणंही जड जातं. छोट्याला सात दिवस मॉर्फिनची बारीक धार चालू होती. वेदनेसाठी मॉर्फिन दिलं म्हणजे मूल व्यसनी होतं ही भीती मनातून काढून टाका. अधिक आठला १०१ ताप आला. अशा वेळी तासाभराच्या आत नमुना घेऊन प्रतिजैविक सुरू होतं, रिपोर्टची वाट पाहत नाहीत.

रोज सकाळी सगळ्यांचे डोळे एकाच आकड्यावर असतात, एएनसी. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींची ती संख्या. सलग तीन दिवस ती ५०० च्या वर राहिली की त्यातल्या पहिल्या दिवशी पेशी रुजल्या असं धरतात. छोट्याचे आकडे असे आले: अधिक सोळाला १८०, सतराला ३४०, अठराला ६२०, एकोणीसला ९००, विसाला ११००. म्हणजे रुजले ते अधिक अठराला. मज्जेच्या बाबतीत हे साधारण दोन ते तीन आठवड्यांत होतं. प्लेटलेट मागून येतात. बाहेरून न देता सात दिवस २०,००० च्या वर राहिल्या की त्या स्थिरावल्या. अधिक २८ उलटूनही एएनसी वर आलाच नाही तर पेशी रुजल्याच नाहीत ही शक्यता धरून पुढची पावलं टाकतात.

पण काउंट वर आले म्हणजे ते ताईचेच आहेत असं नाही. छोट्याची जुनी मज्जाही परत उठू शकते. त्यासाठी कायमेरिझमची तपासणी अधिक तीसच्या सुमारास करतात. त्यात रक्तातल्या किती टक्के पेशी दात्याच्या आहेत ते कळतं. छोट्याचं उत्तर आलं ९४ टक्के. थॅलेसेमियात शंभर टक्केच हवेत असा हट्ट नसतो. काही मुलं वर्षानुवर्षं मिश्र पेशींवरच रक्ताशिवाय राहतात, कारण दात्याच्या लाल पेशी जास्त काळ जगतात. काळजी वाटते ती घसरणाऱ्या आकड्याची. पहिल्या दोन महिन्यांतच मुलाच्या स्वतःच्या पेशी २५ टक्क्यांवर गेल्या तर पेशी नाकारल्या जाण्याचा धोका मोठा असतो, म्हणून तपासणी पुन्हा पुन्हा करतात.

जीव्हीएचडी: नव्या पेशी घरालाच परकं समजतात तेव्हा

ताईच्या मज्जेसोबत तिच्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचे पहारेकरीही आले. त्यांच्या नजरेला छोट्याचं शरीर परकं. दहाच्या दहा नोंदी जुळल्या तरी एचएलएच्या बाहेर असंख्य बारीक फरक उरतात. टी पेशींनी त्यांवर हल्ला केला की त्याला ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज, जीव्हीएचडी म्हणतात. ल्युकेमियात थोडं जीव्हीएचडी झालं तर उरलेल्या कॅन्सरच्या पेशीही त्यात मारल्या जातात, म्हणून तिथे त्याचा काही फायदा असतो. थॅलेसेमियात फायदा शून्य. म्हणून आमची सगळी धडपड ते होऊच नये यासाठी असते.

त्यासाठी छोट्याला सायक्लोस्पोरिन सुरू होतं आणि पहिल्या काही दिवसांत मेथोट्रेक्सेटचे छोटे डोस झाले. सायक्लोस्पोरिन अनेक महिने चालतं. त्याची रक्तातली पातळी ठरावीक पट्ट्यात राहावी लागते, आमच्याकडे त्याच्यासाठी १५० ते २५० होती. कमी झाली तर जीव्हीएचडी, जास्त झाली तर मूत्रपिंडाला त्रास, रक्तदाब, कधी झटके. तपासणीच्या दिवशी सकाळचा डोस द्यायचा नाही, औषध सोबत आणायचं आणि रक्त दिल्यावर लगेच पाजायचं. घरून डोस देऊन आलेल्या मुलाची पातळी खोटी वर दिसते आणि मग डोस चुकून कमी होतो. पपनस आणि ग्रेपफ्रूट पूर्ण बंद, कारण त्यांनी पातळी चढते.

छोटा अधिक २९ ला घरी गेला. अधिक ३६ ला आईचा फोन आला, "घामोळं आलंय वाटतं." मी विचारलं, कुठे? तळहात, तळपाय आणि कानामागे. घामोळं तळहातावर येत नाही. लगेच बोलावलं. तळहात लालसर, दाबल्यावर दुखरे, कानांच्या पाळ्या गरम, छातीवर बारीक पुरळ. मिळून अंगाचा साधारण तिसरा हिस्सा. सायक्लोस्पोरिनची पातळी निघाली ९०, आठवड्यापूर्वी ती २१० होती. डोस एकही चुकला नव्हता. मग उलगडा झाला: चार दिवसांपूर्वी यकृताचा आकडा थोडा वाढला म्हणून गावातल्या डॉक्टरांनी बुरशीविरोधी औषध बंद केलं होतं. त्या गटातली औषधं सायक्लोस्पोरिनची पातळी वर धरून ठेवतात. आधार काढला आणि पातळी कोसळली. त्या डॉक्टरांचा हेतू चांगलाच होता. तेव्हापासून मी प्रत्येक फाइलच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात लिहिते: कोणतंही औषध सुरू किंवा बंद करण्याआधी युनिटला फोन.

फक्त कातडीवर आणि एवढंच असलेलं जीव्हीएचडी पहिल्या श्रेणीचं. डोस वाढवला, अंगाला स्टेरॉइडचं मलम लावलं. पण तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले, हिरवट आणि पाण्यासारखे. इथे 'पाच-सहा वेळा झालं' या उत्तराचा उपयोग नसतो. मापाच्या भांड्यात धरून मोजावं लागतं. मुलांमध्ये दिवसाला किलोमागे १० मिलीच्या वर गेलं की ते आतड्याच्या जीव्हीएचडीत मोजतात. छोट्यासाठी ही रेषा १८० मिलीची. त्या दिवशी ३०० मिली भरलं. म्हणजे किलोमागे १६-१७ मिली, आतड्याचा पहिला टप्पा, आणि एकूण श्रेणी दुसरी. मलाच्या तपासण्या आणि सीएमव्ही या विषाणूची चाचणी पाठवली, कारण संसर्गाचे जुलाबही असेच दिसतात. रिपोर्टची वाट न पाहता मिथाइलप्रेडनिसोलोन सुरू झालं, किलोला २ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला ३६. संसर्ग निघाला नाही. पाचव्या दिवशी जुलाब ९० मिलीवर आले, तळहात फिके पडून साल निघू लागली. मग स्टेरॉइड आठवड्यांच्या हिशेबाने हळूहळू उतरवलं. तीन दिवसांत त्रास वाढतच गेला किंवा आठवड्यात उतार पडला नाही तर स्टेरॉइडला दाद नाही असं समजून रुक्सोलिटिनिबसारखं दुसरं औषध जोडतात.

तिसरी जागा यकृताची, तिथे कावीळ दिसते. आणि पुढे काही महिन्यांनी येऊ शकणाऱ्या दीर्घ जीव्हीएचडीची सोंगं वेगळी: डोळे कोरडे, वाळू गेल्यासारखे, गालाच्या आत पांढऱ्या रेषा, तिखट अजिबात न सोसणं, कातडी ताठ होणं, जिना चढताना धाप लागणं. धाप कधीही अंगावर काढू नका, फुप्फुसाचं नुकसान भरून येत नाही. कडक उन्हाने कातडीचं जीव्हीएचडी भडकतं, म्हणून वर्षभर पूर्ण बाह्या आणि टोपी.

घरी आल्यावर

पहिले शंभर दिवस रुग्णालयापासून तासाभराच्या अंतरावर राहा. लांबून येणाऱ्यांना भाड्याची खोली घ्यावी लागते, तो खर्च सुरुवातीलाच धरा. १००.४ ताप म्हणजे फोन, मध्यरात्र असली तरी. तापावर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही. जेवण घरचं, ताजं, कुकरमधून उतरल्यावर दोन तासांच्या आत. कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी, उसाचा रस, न उकळलेलं दूध नको. कुंड्या, पाळीव प्राणी आणि घरातलं रंगकाम किंवा तोडफोड लांब ठेवा, ओल्या भिंतीची आणि मातीची बुरशी या मुलांच्या फुप्फुसात जाते. सीएमव्हीची तपासणी शंभर दिवस दर आठवड्याला होते, ती अंगात काही दिसत नसतानाच करायची असते.

जुन्या लसींची आठवण पुसली गेलेली असते. निष्क्रिय लसी साधारण सहा महिन्यांनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. गोवर-गालगुंड-रुबेलासारख्या जिवंत लसी दोन वर्षांनंतर, आणि तेही जीव्हीएचडी नसेल आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद असतील तरच. तोवर ताईच्या लसी पूर्ण ठेवा. शाळा कधी, हे डॉक्टर सांगतील, बहुतेकदा सहा महिने ते वर्ष.

छोट्याचं सायक्लोस्पोरिन दहाव्या महिन्यात थांबलं. वर्षाच्या तपासणीत ताईच्या पेशी ९२ टक्के आणि हिमोग्लोबिन ११.२. शेवटची पिशवी अधिक चाळीसला चढली होती. रक्तगट ओ पॉझिटिव्ह, म्हणून शाळेच्या अर्जातली जुनी नोंद बदलून घ्यायला सांगितलं. उरलं होतं ते आधीच्या सहा वर्षांचं लोह. साठलेल्या लोहाचा अंदाज देणारं फेरिटिन १,९०० होतं. हिमोग्लोबिन टिकून असेल तर ते काढायचा साधा उपाय म्हणजे रक्त काढणं, दर पंधरवड्याला किलोमागे ६ मिली. एव्हाना तो २० किलोचा झाला होता, म्हणजे १२० मिली. दर दुसऱ्या शनिवारी तो त्याच डे-केअरच्या खुर्चीत बसायचा जिथे त्याला आधी रक्त चढायचं, आणि पिशवी टांगायच्या दांडीऐवजी खाली, गुडघ्याच्या पातळीवर ठेवायचो.